मोठं गिऱ्हाईक खरंच नफ्यातलं आहे का?

प्रश्न: रत्नागिरीत किराण्याचा होलसेल धंदा आहे. विक्री मोठ्या पार्ट्यांवर चालते, पण वर्षअखेर हातात काही उरत नाही. कुठलं गिऱ्हाईक तोट्याचं आहे, हे कसं काढू?

उत्तर: माझं गोडाऊन कुडाळला आहे. तारकर्लीचं एक हॉटेल महिन्याला ४ लाखांचा माल घ्यायचं, मार्जिन ८ टक्के, म्हणजे ३२,००० रुपये. सगळ्यांत मोठी पार्टी म्हणून मी तिला जपत होतो.

मग टेंपोच्या वहीतून त्या पार्टीच्या फेऱ्या मोजल्या, तर महिन्याला १४ निघाल्या. आज दोन पोती, परवा एक डबा. एका फेरीला डिझेल-टायरचे ८०० आणि ड्रायव्हर-हमालाचे ७०० धरले, तर २१,००० तिथेच गेले. पैसे यायचे ७५ दिवसांनी, म्हणजे १० लाख कायम अडकलेले. १२ टक्के व्याजाने महिना १०,०००. स्कीमचे ४,०००, परत आलेल्या मालाचे ३,०००. एकूण ३८,०००. दर महिना ६,००० तोटा!

इतकी वर्षं हे दिसलं नाही, कारण टेंपोचा खर्च मी विक्रीच्या टक्केवारीने सगळ्यांवर वाटत होतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा स्वतः येऊन माल उचलणारा, रोख देणारा छोटा दुकानदारसुद्धा त्या हॉटेलच्या फेऱ्यांचं भाडं भरत होता. खर्च ज्यामुळे होतो त्यावर वाटा: टेंपो फेऱ्यांवर, माल काढणं बिलातल्या ओळींवर, व्याज उधारीच्या दिवसांवर. एका फेरीत चार दुकानं होत असतील तर खर्च चौघांत वाटा. टॅलीतून पार्टीवार विक्री, क्रेडिट नोटा आणि वसुलीच्या तारखा मिळतात. फेऱ्यांची वही मात्र स्वतःच ठेवावी लागते. हिशोब पूर्ण १२ महिन्यांचा करा. नुसता मे महिना धरलात तर टेंपो भरून जातो आणि सगळं छान दिसतं. पावसाळ्यात तीच पार्टी अर्ध्या टेंपोला बोलावते.

पण तोटा दिसला म्हणून लगेच गिऱ्हाईक तोडू नका. ते हॉटेल सोडलं असतं तरी ड्रायव्हर-हमालाचा पगार चालूच राहिला असता, म्हणजे त्या फेऱ्यांतले ९,८०० वाचले नसते. खर्च २८,२०० वाचला असता आणि मार्जिन ३२,००० गेलं असतं. उलट ३,८०० नेच मागे गेलो असतो. सीझनमध्ये टेंपो कमी पडून दुसऱ्यांचा माल अडत असेल, तरच हे गणित बदलतं.

म्हणून मी कागद घेऊन मालकांकडे गेलो. "साहेब, भाव तोच ठेवतो, पण ठरल्या दिवशीच गाडी येईल." महिन्याला ६ फेऱ्या आणि ४५ दिवसांची उधारी ठरली. फेऱ्यांचे ९,०००, व्याजाचे ६,०००, बाकीचे ७,०००. आता हिशोबात १०,००० उरतात. पहिला महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघरातून मधल्या वारी फोन यायचे. तेव्हा एकदाही टेंपो पाठवला नाही, म्हणून ते टिकलं.