आजोबांचं बोलणं कागदावर उतरवताना

प्रश्न: माझे सासरे ७९ वर्षांचे. जन्मभर जुन्नरकडे शेती केली, आता आमच्याकडे कोथरूडला असतात. फोनवर त्यांचं चौदा तासांचं बोलणं रेकॉर्ड केलंय. जसंच्या तसं उतरवलं तर वाचवत नाही आणि नीट करून लिहिलं तर ते सासरे वाटत नाहीत. मधला मार्ग कसा काढायचा?

उत्तर:

माझे थोरले चुलते, आमचे अण्णा, पुरंदर तालुक्यातले. शेवटची काही वर्षं ते हडपसरला आमच्याकडे होते. तेव्हा त्यांच्या आठवणी मी लिहून काढल्या. त्यातला एकच उतारा दाखवतो. रेकॉर्डिंगवरून अक्षरशः उतरवलेला मजकूर असा होता:

"तर काय झालं, बहात्तरचा दुष्काळ. म्हंजे पडला त्यो एकाहत्तरपासनंच, पन लोक म्हनत्यात बहात्तर. हां. तर मग आमची ती हिर, न्हाय, खालची न्हाय, वरची. वरची हिर. तिला पानी न्हाय. मग बैलं. दोन व्हती. कडबा कुठला? मग म्या काय केलं, बैलं इकली. (कुठे विकली?) सासवडच्या बाजारात. दोनशे रुपायला जोडी. (वाईट वाटलं असेल ना?) वाटनारच की. दावी तेवढी माघारी आनली. घरी आलो तर ही म्हनली, दावी कुठं ठिवू. म्हनलं, ठिव गोठ्यातच."

त्यावरून मी पहिल्यांदा लिहिलं ते असं: "१९७२ च्या भीषण दुष्काळात आमची विहीर आटली. चाऱ्याअभावी मला जड अंतःकरणाने लाडकी बैलजोडी विकावी लागली. त्या दिवशी फार वाईट वाटले." हे अण्णांना वाचून दाखवलं. ते गप्प ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हे कुनाचं?"

त्यांचं बरोबर होतं. "भीषण", "लाडकी", "जड अंतःकरणाने" हे शब्द त्यांनी उच्चारलेच नव्हते. "फार वाईट वाटले" हे तर माझं वाक्य. प्रश्न मी विचारला आणि ते "वाटनारच की" एवढंच म्हणाले. बहुतेक जण इथेच चुकतात. समोरच्याने आपल्या प्रश्नाला नुसती मान डोलावली, तरी आपण आपलं वाक्य त्याच्या तोंडी घालतो. म्हणून उतरवताना तुमचा प्रत्येक प्रश्न कंसात लिहाच. ज्या उत्तराला प्रश्नाशिवाय अर्थ उरत नाही, ते पक्क्या मजकुरात घेऊ नका. वाईट वाटलं हे अण्णा बैलांच्या रिकाम्या दाव्यांतून सांगत होते. माझ्या घाईत ती दावीच गळाली होती.

दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

"बहात्तरचा दुष्काळ. पडला तो एकाहत्तरपासनंच, पण लोक म्हणत्यात बहात्तर. आमची वरची विहीर, तिला पाणी न्हाय. बैलं दोन व्हती. कडबा कुठला? मग म्या बैलं इकली, सासवडच्या बाजारात, दोनशे रुपायला जोडी. दावी तेवढी माघारी आणली. घरी आलो तर ही म्हणली, दावी कुठं ठेवू? म्हणलं, ठेव गोठ्यातच."

यातून गेलं काय, तर "तर काय झालं", "हां", खालची-वरचीचा घोळ आणि माझे प्रश्न. वाक्यांचा क्रम त्यांचाच राहिला. "कडबा कुठला?" हा त्यांनी स्वतःलाच विचारलेला प्रश्न राहिला. क्रियापद गाळून बोलायची लकबही राहिली. "तिला पाणी नव्हते" असं व्याकरणशुद्ध केलंत की माणूस तिथेच संपतो.

आता शुद्धलेखन. अण्णा "पानी", "आनली", "म्हनलं" असंच म्हणायचे. पण पानभर प्रत्येक ण चा न केला तर वाचणारा अडखळतो. वर बोलणाऱ्याची नक्कल केल्यासारखं वाटतं. म्हणून नुसत्या उच्चाराचा फरक मी प्रमाण केला: पाणी, आणली, विहीर, ठेव. शब्दाचं रूपच वेगळं असेल तर ते ठेवलं: म्या, इकली, व्हतं, न्हाय, म्हणत्यात, माघारी. अशा वीस-पंचवीस शब्दांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. बोलताना माणूस एकदा "होतं" म्हणतो, एकदा "व्हतं". छापताना एकच हवं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, असं काही जण सुचवतील. आत्मकथनात ते करू नका, कारण सांगणारा आणि बोलणारा एकच माणूस असतो.

चौदा तासांत एकच गोष्ट दोन-तीनदा आली असेल. सगळ्यात लांब सांगितलेली पाया म्हणून घेऊ नका. जी सांगताना खोलीत गर्दी नव्हती, ती घ्या. पाहुण्यांसमोर अण्णांचा दुष्काळ जरा शूर व्हायचा. बाकीच्या वेळचे तपशील त्या पायात बसवायचे, पण दोन वेळच्या तुकड्यांचं मिळून एक वाक्य शिवायचं नाही. प्रत्येक वाक्यापुढे रेकॉर्डिंगचा क्रमांक आणि मिनिट पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढे शंका आली की शोधता येतं. जी गोष्ट प्रत्येक वेळी जवळपास त्याच शब्दांत येते, तिला हात लावू नका. दाव्यांचं तसंच होतं. म्हणून परिच्छेद मी तिथेच थांबवला.

नातवंडांना न कळणाऱ्या गोष्टी येतील. अण्णा खडी फोडायला जायचे, तिथे सुकडी मिळायची. मी लगेच त्यात घालून दिलं, "सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरील मजुरांना दिला जाणारा पौष्टिक आहार". पुन्हा परकं वाक्य. मग माझ्या मुलाला त्यांच्याशेजारी बसवलं आणि त्याला विचारायला लावलं. अण्णा त्याला म्हणाले, "गोड भुगा असतोय रं, वंजळीत घ्यायचा. म्या निम्मा खायचो, निम्मा धोतरात बांधून घरी आणायचो." मला जे समजावून सांगायचं होतं ते यात आलंच, शिवाय मी कधी विचारलं नसतं तेही आलं.

एका अडचणीची तयारी ठेवा. लिहिलेलं वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "व्हतं-न्हाय नको छापू. लोक म्हणतील, अडाणी." मी वाद घातला नाही. आयुष्य त्यांचं होतं, नावही त्यांचंच छापलं जाणार होतं. व्हतं चं होतं केलं, न्हाय चं नाही, म्या चं मी, इकली चं विकली. तो उतारा पुन्हा वाचून काढला तर अण्णा जागच्या जागी होते: "बैलं दोन होती. कडबा कुठला? मग मी बैलं विकली." त्यांचा आवाज वाक्यांच्या क्रमात होता, ते जे सांगायचं टाळत होते त्यात होता. तेव्हा तुमच्या सासऱ्यांना बोली नको असेल तर खुशाल सोडा. दावी मात्र सोडू नका.

एका तासाचं बोलणं हाताने उतरवायला मला पाच-सहा तास लागत. तेव्हा चौदाचे चौदा तास आधी उतरवत बसू नका. जी गोष्ट ते सारखी सांगतात, तिची वीस मिनिटं शोधा, तिचं एक पान करा आणि सकाळच्या चहाच्या वेळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ते मध्येच "मग पुढं..." म्हणून स्वतः सांगायला लागले तर पान जमलं. तेवढ्यात फोनवर रेकॉर्डिंग चालू करायला विसरू नका.