‘अलाँग विथ’च्या पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’?

प्रश्न : ‘द कॅप्टन, अलाँग विथ द प्लेअर्स’ याच्यापुढे ‘हॅज अराइव्हड’ की ‘हॅव’? ‘आयदर द कॅप्टन ऑर द प्लेअर्स’ला काय लावायचं? आणि कॉमेंटेटर ‘इंडिया आर’ म्हणतात, ते चूक ना?

पहिल्याचं उत्तर ‘हॅज’. कारण आपल्या मराठीतच आहे. ‘कर्णधार खेळाडूंसह आला’ म्हणताना तुम्ही ‘आले’ म्हणत नाही (आदरार्थी ‘आले’ सोडून द्या). ‘खेळाडूंसह’ या शब्दाचं सामान्यरूप झालं, शब्दयोगी अव्यय चिकटलं, आणि क्रियापदावरचा त्याचा हक्क गेला. इंग्रजीत ‘अलाँग विथ’ हेच काम करतं, फक्त नामाचं रूप बदलत नसल्याने दिसत नाही. ‘अँड’ मात्र दोघांना एका पंगतीत बसवतं, म्हणून ‘द कॅप्टन अँड द प्लेअर्स हॅव’.

मी स्वतः एकदा सूचना लिहिली होती : ‘द लिस्ट ऑफ बुक्स आर ऑन द टेबल’. ‘बुक्स’ अगदी ‘आर’च्या शेजारी, त्याने हाताला धरून ओढलं. मराठीत करून पाहिलं असतं, तर ‘पुस्तकांची यादी’ आली असती आणि ‘पुस्तकांची’ बाद होऊन ‘यादी आहे’ उरलं असतं. तीच कसोटी ‘वन ऑफ द प्लेअर्स इज’ला : खेळाडूंपैकी एक. फसवी जागा एकच सांगतो. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’ म्हणजे बरेच विद्यार्थी. ‘द’ की ‘अ’ यावरच सगळं फिरतं.

आता गंमत. मघाशी ज्या शेजाऱ्याला दूर ठेवलं, तोच ‘आयदर-ऑर’मध्ये जिंकतो. इथे दोन्ही नामं कर्तेच आहेत, पण बेरीज होत नाही, म्हणून क्रियापद जवळच्याचं ऐकतं : ‘आयदर द कॅप्टन ऑर द प्लेअर्स हॅव’. उलटं केलं की ‘आयदर द प्लेअर्स ऑर द कॅप्टन हॅज’. मराठीत ‘एक केळं किंवा दोन आंबे चालतील’, पण ‘दोन आंबे किंवा एक केळं चालेल’. दुसरं रूप इंग्रजीत कानाला जरा खटकतं, म्हणून मी अनेकवचनी नाम शेवटी ठेवतो आणि मोकळा होतो.

‘इंडिया आर’ चूक नाही, ती ब्रिटिश पद्धत. क्रिकेटच्या इंग्रजीत ‘इंडिया आर 120 फॉर 3’ हे अगदी नेहमीचं, कारण तिथे इंडिया म्हणजे ते अकरा जण. देशाबद्दल बोलताना मात्र ‘इंडिया इज’च. अमेरिकन माणूस ‘द टीम इज’ म्हणेल, ब्रिटिश दोन्ही. कमिटीने ठराव केला तर ‘इज’, सभासद आपसात भांडत असतील तर ‘आर’, असा फरक ब्रिटिश इंग्रजीत करता येतो. परीक्षेत कुठली पद्धत चालते ते पाहा आणि एका लेखात एकच धरा. ‘पोलीस’ला मात्र निवड नाही, दोन्हीकडे ‘द पोलीस आर’च.