पॉवर बँकवर बँड आणि इअरबड्स चार्ज का होत नाहीत?

प्रश्न: माझ्या पॉवर बँकवर फोन व्यवस्थित चार्ज होतो, पण फिटनेस बँड किंवा इअरबड्सची डबी लावली की अर्ध्या मिनिटात ती आपोआप बंद पडते. पॉवर बँक खराब झाली आहे का?

उत्तर: नाही, खराब झालेली नाही. बँड इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं, आता काहीच जोडलेलं नाही.

आतल्या सेलचं व्होल्टेज साधारण 3.7 असतं आणि आपल्याला लागतात 5 व्होल्ट. ते वाढवून देणारं सर्किट चालू राहिलं, की केबलला काही नसलं तरी थोडी बॅटरी खातंच. ते कायम चालू ठेवलं तर पॉवर बँक बॅगेत पडल्या पडल्याच रिकामी होईल. म्हणून कंट्रोलर चिप बाहेर जाणारा करंट मोजत राहते आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की आउटपुट बंद करते. स्वस्त पॉवर बँकांमध्ये सर्रास सापडणाऱ्या IP5306 चिपचंच घ्या: करंट 45 मिलिअँपिअरपेक्षा कमी राहिला, तर सुमारे 32 सेकंदांनी ती झोपते. तुमचं ‘अर्धं मिनिट’ इथूनच येतं. काही पॉवर बँकांमध्ये ही मर्यादा याहून वर असते.

आता इअरबड्सची डबी बघा. समजा, रिकामी असताना ती 300 मिलिअँपिअर घेते. तेव्हा काहीच अडचण येत नाही. पण लिथियम बॅटरी भरत आली की चार्जिंगचा करंट हळूहळू उतरत जातो. तो मर्यादेखाली गेला की पॉवर बँक बंद, आणि डबी पूर्ण भरायच्या आधीच अडकते. बँडची बॅटरी त्याहून छोटी, त्यामुळे तो कधी कधी सुरुवातीलाच मर्यादेखाली असतो.

यावरचा उपाय म्हणजे लो-करंट मोड. त्यात चिप ही तपासणी काही काळ बाजूला ठेवते. शाओमीच्या बऱ्याच पॉवर बँकांवर बटण लागोपाठ दोनदा दाबलं की तो सुरू होतो. इतर कंपन्यांची पद्धत वेगळी असू शकते, तेव्हा सोबतचं माहितीपत्रक बघाच. काम झालं की मोड बंद करा, नाहीतर ते सर्किट उगाच बॅटरी खात बसेल.

मोडच नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावून बघा. पॉवर बँक दोन्ही पोर्टचा करंट एकत्र मोजत असेल तर फोन चार्ज होत असेपर्यंत बँडही चार्ज होईल. मात्र प्रत्येक पोर्ट वेगळा मोजला जात असेल तर याचा उपयोग नाही. घरी असाल तर फोनचा साधा 5 व्होल्टचा चार्जर सगळ्यात बरा, तो असा मध्येच बंद होत नाही.

डबी दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर मुळीच चार्ज होत नसेल, अगदी सुरुवातही होत नसेल, तर मात्र कारण वेगळं. काही स्वस्त डब्यांमध्ये टाइप-सी पोर्टला लागणारे रेझिस्टरच नसतात, त्यामुळे पॉवर बँक करंट सोडतच नाही. तिथे जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टमधून टाइप-सीकडे जाणारी केबल लावा.