कॅटलॉगमधला चेहरा बदलताना गळा कसा वाचवायचा

प्रश्न: माझं गांधीबागेत कुर्त्यांचं होलसेल काम आहे. कॅटलॉगचे फोटो मॉडेलवर काढलेले आहेत. मलेशियाची पार्टी म्हणते, माल पसंत आहे पण चेहरा आमच्याकडचा पाहिजे. कापड आणि गळा जसाच्या तसा ठेवून फक्त चेहरा बदलता येतो का? पुन्हा शूट परवडत नाही.

उत्तर:

येतो भाऊ. मी सीताबर्डीला फोटो रिटचिंगचंच काम करतो, आणि मलेशिया म्हटल्यावर तुमचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. मलय मुलींच्या आणि आपल्याकडच्या मुलींच्या कातडीच्या छटा बऱ्याच जुळतात, त्यामुळे मान, हात, पाय आहेत तसे ठेवून नुसता चेहरा बदलला तरी चालून जातं. हीच मागणी पोलंडहून आली असती तर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळी कातडी रंगवावी लागली असती. कॉलरला चिकटलेली कातडी रंगवायला घेतली की कॉलरची कड खराब होतेच. तसं काम आलं तर मी सरळ पुन्हा शूट करा म्हणतो.

एक गोष्ट पार्टीला आधीच विचारून घ्या. त्यांना डोक्यावर तुडुंग, म्हणजे तिकडचा हिजाब, हवा आहे का? हवा असेल तर तो मानेवरून खाली येणार आणि तुमचा गळा झाकणार. मग चेहरा बदलण्यात अर्थ नाही, ते वेगळं शूट आहे.

आता नेमकं काम बघू. समजा वाइन रंगाची रेयॉनची कुर्ती आहे, उभी कॉलर, कॉलरच्या कडेला जरीची बारीक पायपिंग, पुढे छोटा कट आणि त्याला डोरी-लटकन. फोटो उभा, ४००० बाय ६००० पिक्सेल, मॉडेल डोक्यापासून पायापर्यंत. अशा फोटोत डोकं साधारण ७०० पिक्सेल उंच येतं आणि ती ३ मिलिमीटरची पायपिंग जेमतेम १० पिक्सेल. हा १० चा आकडा लक्षात ठेवा, सगळी भानगड त्यातच आहे.

हल्ली हे काम स्टेबल डिफ्यूजन एक्सएलसारख्या चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेलने करतात. चेहऱ्यावर मास्क आखायचा, म्हणजे बदलायचा भाग प्रोग्रामला रंगवून दाखवायचा, आणि तेवढा भाग नव्याने तयार करून घ्यायचा. बहुतेकांचा समज असा की मास्कच्या बाहेरचं जसंच्या तसं राहतं. तसं नसतं. हे मॉडेल थेट तुमच्या फोटोवर काम करत नाही. आधी फोटो आवळून लहान करतं, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनामागे फक्त चार आकडे ठेवतं, त्यावर काम करतं आणि शेवटी पुन्हा उलगडतं. या आवळण्या-उलगडण्यात मास्कबाहेरचा भागसुद्धा थोडा बदलतो. मोठ्या सपाट कापडात ते दिसत नाही. पण तुमची पायपिंग १० पिक्सेलची आणि चौकोन ८ चा, त्यामुळे जरीचा पीळ जातो आणि तिथे पिवळट रेघ उरते. बारीक चिकनकारी असेल तर टाके सुटे न दिसता पिठासारखे पसरतात. पार्टी झूम करून बघते तेव्हा पहिलं हेच दिसतं.

म्हणून पूर्ण फोटो कधी प्रोग्रामला द्यायचाच नाही. चेहऱ्याभोवतीचा ११०० पिक्सेलचा चौकोन कापून तेवढाच द्यायचा. हे मॉडेल १०२४ च्या चौकोनावर शिकलेलं आहे, त्यामुळे मापही बसतं. त्या चौकोनात मान आणि कॉलरचा वरचा भाग मुद्दाम येऊ द्यायचा. प्रकाश कुठून येतोय, मान कोणत्या रंगाची आहे हे त्याला दिसलं तरच चेहरा जुळतो. त्याला बघू द्यायचं, हात मात्र लावू द्यायचा नाही. हे मॉडेल चालवायच्या ऑटोमॅटिक ११११ या प्रोग्राममध्ये यासाठी `Only masked` हा पर्याय आहे आणि त्याच्या खालच्या `Only masked padding` ने आजूबाजूचं किती दाखवायचं ते ठरतं. तो प्रोग्राम मास्कबाहेर मूळ फोटो आपोआप परत चिकटवतो. कंफीयूआय या तसल्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये मात्र साध्या वर्कफ्लोत तसं होत नाही, शेवटी `ImageCompositeMasked` नोड लावून मूळ फोटो स्वतः परत आणावा लागतो. मी दोन्हीवर भरवसा ठेवत नाही. तयार झालेला चौकोन फोटोशॉपमध्ये मूळ फोटोच्या वर वेगळ्या लेयरवर ठेवतो आणि लेयर मास्कने फक्त चेहरा उघडा करतो. खाली मूळ कुर्ती तशीच पडलेली असते.

मास्कची खालची कड कुठे थांबवायची, यात नवीन मुलं हमखास चुकतात. हनुवटीच्या खाली मानेवर एक सावली असते. ती सावली जुन्या जबड्याच्या आकाराची असते. मास्क मानेपर्यंत नेला तर प्रोग्राम स्वतःची सावली टाकतो, ती कॉलरवर पडलेल्या सावलीशी जुळत नाही आणि डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. जबडा बारीक केला आणि जुनी रुंद सावली खाली राहिली तर त्याहून वाईट. त्यामुळे मी जबड्याची कड मूळचीच ठेवतो. मास्क कपाळावरच्या केसांच्या किंचित आतून सुरू होतो, कानाच्या पुढून खाली येतो आणि जबड्याच्या कडेच्या थोडं आत थांबतो, कड ८ ते १२ पिक्सेल मऊ. डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल एवढ्यात चेहरा पूर्ण वेगळा माणूस होतो. कान, झुमके, केस, मान सगळं जुनंच. डीनॉइज, म्हणजे जुनं किती पुसून नवं काढायचं तो आकडा, ०.६ ते ०.७५ च्या मध्ये ठेवा. त्याखाली जुनी मॉडेल ओळखू येते, वर गेलं की नजर आणि डोक्याचा कल भटकायला लागतो.

केसांचं सांगतो, कारण पार्टी हे मागणारच. जुन्या मॉडेलचे मोकळे केस डाव्या खांद्यावर कॉलरच्या पुढे आलेत आणि पार्टीला केस बांधलेले हवेत, असं झालं तर ते जमत नाही. केसांखालची कॉलर फोटोत नाहीच. प्रोग्राम तिथे मनाने पायपिंग आणि नक्षी काढून देईल आणि ती तुमच्या मालाशी जुळणार नाही. कुर्तीचा गळा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर उजवी बाजू उलटवून डावीकडे लावता येते, पण कट एका बाजूला असेल तर तेही नाही. त्या कुर्तीचा सपाट मांडून काढलेला फोटो असला तर त्यातून कॉलर उचलता येते. नाहीतर केस तसेच राहू द्यायचे.

चेहरा बसला की रंग. फोटोशॉपच्या आयड्रॉपरला `11 by 11 Average` वर ठेवा आणि कानाखाली, जबड्याच्या बाजूला, चेहऱ्याचा आणि मानेचा रंग मोजा. हनुवटीच्या मध्यभागी मोजू नका, तिथे सावली असते आणि आकडा फसवतो. फरक निघाला तर कर्व्ह्ज चेहऱ्याच्याच लेयरला क्लिप करून चेहरा मानेकडे न्या, मान चेहऱ्याकडे नाही. एवढं करूनही चेहरा चिकटवलेला वाटत असेल तर बहुतेक वेळा कारण कुर्तीच असते. वाइन रंगाच्या कापडावरून उजेड परत फिरून हनुवटीच्या खालच्या भागावर आणि जबड्यावर लालसर झाक पडते. मूळ फोटोत ती होती, नव्या चेहऱ्यावर ती कमी पडते किंवा नसतेच. कुर्तीचाच रंग उचलून `Color` मोडमध्ये मऊ ब्रशने जबड्यालगत ८-१० टक्के फिरवला की डोकं मानेवर बसतं. शेवटी १०० टक्के झूमवर मानेचे दाणे बघा आणि तेवढाच नॉइज चेहऱ्यावर टाका. आपल्याकडे मे महिन्यात शूट केलेल्या फोटोत मानेवर घामाची चमक असते आणि नवा चेहरा कोरडा ठणठणीत येतो. तिथे चेहऱ्यावर थोडी चमक द्या. मानेची चमक पुसायला गेलात तर कॉलरच्या कडेला लागाल.

गळा खरंच वाचला की नाही हे डोळ्याने ठरवू नका. मूळ फोटो खाली, नवा वर, मोड `Difference`. चेहरा सोडून सगळं कुळकुळीत काळं दिसलं पाहिजे. वर लेव्हल्स टाकून पांढरा स्लायडर १० पर्यंत ओढा, लपलेला फरकही उजळून निघतो. फोटो शंभरभर असतील तर जबड्याखालचा भाग कापून इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रामने मोजता येतो. आपल्या उदाहरणात जबडा वरून ११०० पिक्सेलच्या आत संपतो असं धरलं तर:

```
magick mul.png -crop 4000x4900+0+1100 +repage a.png
magick nava.png -crop 4000x4900+0+1100 +repage b.png
magick compare -metric AE a.png b.png null:
```

उत्तर शून्य आलं म्हणजे कापडाचा एक पिक्सेलही हललेला नाही. ही तपासणी जेपेग करण्याआधी करा. जेपेग पुन्हा सेव्ह केलं की सगळीकडेच थोडा फरक येतो आणि खरा दोष त्यात लपतो.

बाजारात एका क्लिकमध्ये चेहरा बदलून देणारे बरेच प्रोग्राम `inswapper_128` नावाचं मॉडेल वापरतात. ते चेहरा १२८ बाय १२८ पिक्सेलचाच तयार करतं, तुमच्या फोटोतला चेहरा त्याच्या कितीतरी पट आहे. मग तो ताणून, घासूनपुसून मोठा करतात आणि बाहुलीसारखा दिसतो. शिवाय त्याचा परवाना फक्त अभ्यासापुरता आहे, धंद्यासाठी नाही. कॅटलॉगसाठी ते नकोच.

सगळ्या फोटोंत एकच मुलगी दिसायला हवी, यासाठी जास्त वेळ लागतो. समोरून आणि तीन-चतुर्थांश वळलेले फोटो जुळवून घेता येतात, पूर्ण बाजूचे फोटो मात्र मी जुन्या मॉडेलचेच ठेवून नाकाच्या वरून कापून देतो. खरं सांगू? पार्टीला तेवढं चालणार असेल तर सगळेच फोटो ओठांच्या वरून कापून पाठवा, काहीच बदलावं लागणार नाही. होलसेलला बरेच जण हेच करतात.

आणि जुन्या मॉडेलशी केलेला कागद काढून बघा. शरीर तिचंच राहणार आहे आणि त्यावर दुसरा चेहरा बसणार आहे. फोटोत फेरफार करायची आणि परदेशात वापरायची परवानगी त्यात लिहिलेली नसेल तर तिला फोन करून लेखी घ्या, थोडे पैसे द्यावे लागले तरी. नवा चेहराही कुठल्या नटीसारखा दिसत नाही ना ते बघा. पार्टीला चेहरा बदललेला आहे हे बिलासोबत लिहून कळवा, त्यांच्याकडे तसं लेबल लावायचं असेल तर ते लावतील.

आधी एकच फोटो करून घ्या, शक्यतो सगळ्यात भरगच्च गळ्याचा. पूर्ण फोटोसोबत कॉलरचा १०० टक्के झूम वेगळा कापून पाठवा आणि पार्टीचं उत्तर आलं की मगच बाकीचे हातात घ्या.