वीसपर्यंत म्हणतो, पण पाच देता येत नाहीत

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या वर्गातल्या ज्या मुलाबद्दल तू विचारलंस, त्याच्यावरच आज लिहिते. तो वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो, आठ झाकणं बोट लावून बरोबर मोजतो, आणि "मग किती झाली?" असं विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतो. त्याचं लक्ष नसतं, असं तुला वाटलं. लक्ष असतं गं. त्याच्या लेखी "किती?" म्हणजे "मोजून दाखव". शेवटी म्हटलेला 'आठ' हा त्याला फक्त शेवटच्या झाकणाचा शब्द वाटतो. तोच शब्द सगळ्या झाकणांची मिळून संख्या सांगतो, हे त्याला अजून उमगलेलं नाही.

ते उमगलंय का, हे "किती?" विचारून नीट कळत नाही. शेवटचा शब्द परत म्हटला की बाई खूश होतात, एवढं मुलं लवकर हेरतात. खरी पारख "दे" म्हणण्यात आहे. टोपलीत दहा-बारा मोठी झाकणं ठेव, तोंडात जातील अशी लहान नकोत. मग सहज खेळत "मला एक दे", "आता दोन दे" असं मागत जा. झाकणं दर वेळी टोपलीत परत टाक आणि आकडे उलटसुलट घे. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास हाच प्रकार वापरून मुलं संख्या कशी शिकतात ते तपासलं. आधी मुलाला फक्त 'एक' खात्रीने देता येतो, बाकी काहीही मागा, मूठभर मिळतं. मग दोन येतं, मग तीन, कधी चार. प्रत्येक पायरीवर मूल कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने थांबतं. त्यानंतर मात्र मोजण्याचा उपयोग एकदम उलगडतो आणि पाच, सहा, सात सगळंच देता येऊ लागतं.

या मुलाने तीन बरोबर दिली आणि पाच मागितल्यावर सात दिली, असं तू लिहिलंयस. "मोजून बघ" म्हटल्यावर "एक, दोन, तीन, पाच!" म्हणून तो समाधानाने थांबला, ही फार बोलकी खूण आहे. शेवट 'पाच'वर व्हायला हवा हे त्याला कळलंय, तिथवर पोचायचं कसं ते कळलेलं नाही. म्हणजे तो तीनवर आहे. त्याच्याशी दहा-वीसचा खेळ सध्या बाजूला ठेव आणि चारवर मुक्काम कर.

चार शिकवताना क्रम असा ठेव: आधी संख्या सांग, मग मोज. "ही बघ, चार झाकणं." लगेच एकेक सरकवत "एक, दोन, तीन, चार", आणि सगळ्यांभोवती हात फिरवून "चार झाकणं". आपण बहुतेकदा नुसतंच मोजतो, त्यामुळे शेवटचा शब्द लोंबकळत राहतो. आधी सांगितलं की मोजणं कुठे पोचणार ते मुलाला ठाऊक असतं. मग शेजारी तीन ठोकळे ठेवून म्हण, "हे चार नाहीत." पाच ठेवूनही तसंच म्हण. चार काय नाही हे दिसल्याशिवाय चार काय आहे ते पक्कं होत नाही. मांडणीही बदलत राहा: चौकोनात, एका ओळीत, तीन जवळ आणि एक लांब. चार टाळ्या वाजव, चार उड्या मारायला लाव. नाहीतर चार म्हणजे चौकोन असं मुलाच्या डोक्यात बसतं.

आता गाणी. गाण्याने आकड्यांचा क्रम पक्का होतो, आणि ते काम गाण्याइतकं दुसऱ्या कशाने होत नाही. पण चालीत शब्द एकमेकांना चिकटतात. 'एकदोनतीनचार' हा एकच लांब शब्द होऊन बसतो आणि मुलाला मधूनच सुरुवात करता येत नाही. म्हणून गाणं मध्येच थांबव आणि पुढचा आकडा त्यांना म्हणू दे. कधी चारपासून सुरू कर. पाचापासून एकेक कमी होत जाणारी गाणी मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतात, पण प्रत्येक कडव्याला एक बोट मिटायचं आणि उरलेली बोटं बघून संख्या सांगायची, तेव्हाच. बोटं न बघता म्हटलं तर तेही नुसतं पाठांतर होतं. आणि वस्तू मोजताना गाण्याची लय सोडून दे. तोंड हाताच्या पुढे धावतं आणि एका झाकणावर दोन आकडे पडतात. काही मुलं उलटंही करतात: 'सहा' म्हणताना 'स'ला एक झाकण, 'हा'ला दुसरं. मोजलेलं झाकण दोरीच्या पलीकडे सरकवायला लावलं, तर दोन्ही चुका बऱ्याच कमी होतात.

तुलनेसाठी बाहुल्या आणि टोप्यांचा खेळ घे. चार बाहुल्या वर्गाच्या एका टोकाला, टोप्यांची टोपली दुसऱ्या टोकाला. "प्रत्येकीला एक टोपी मिळेल एवढ्याच आण, एकाच खेपेत." एकाच खेपेत ही अट सोडू नकोस. खेपा घालायची मुभा असली तर मूल एकेक टोपी आणून काम भागवतं, संख्येची गरजच पडत नाही. एका खेपेत आणायच्या तर बाहुल्यांची संख्या मनात धरून टोपलीपर्यंत न्यावी लागते, आणि शेवटचा शब्द कशासाठी असतो ते तिथे त्याला कामाला लावून कळतं. टोप्या कमी-जास्त आणल्या तर तू काही बोलू नकोस. त्यालाच घालू दे. एक बाहुली उघडी राहिली की ती चूक तो स्वतः बघेल.

याच खेळात पाच बाहुल्या आणि तीन टोप्या ठेवून "टोप्यांपेक्षा बाहुल्या कितीने जास्त?" असं विचारलंस, तर पुष्कळ मुलं 'पाच' म्हणतील. "किती बाहुल्यांना टोपी मिळणार नाही?" असं विचार, तीच मुलं 'दोन' सांगतील. टॉम हडसन या संशोधकांनी १९८३ साली पक्षी आणि अळ्यांची चित्रं दाखवून हाच फरक नोंदवला होता. मुलांना फरक काढता येतो, अडतं ते 'कितीने जास्त' या बोलण्यावर. म्हणून आधी दुसरा प्रश्न विचार, उत्तर आलं की तूच म्हण, "म्हणजे बाहुल्या दोनाने जास्त." काही आठवड्यांनी पहिला प्रश्न एकटा विचारून बघ.

एका गोष्टीवर मात्र घाई नको. सारख्याच संख्येच्या दोन ओळींपैकी एक लांबवून मांडली की मुलं "इथे जास्त" म्हणतात. पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी हे फार पूर्वी दाखवलं, आणि पाच वर्षांच्या मुलातही ते नेहमी दिसतं. समजावून सांगून ते जात नाही. दोन्ही ओळी जोड्या लावून बघू दे आणि विषय पुढे ने.

वहीत प्रत्येक मुलापुढे एकच आकडा लिहून ठेव: न चुकता किती देतो. 'किती म्हणतो' लिहू नकोस, पालक तोच आकडा विचारतील तरीही. त्या मुलापुढे आज तीन लिही. चार खात्रीने देऊ लागला की लगेच सहा मागून बघ आणि मूठ भरतो की मोजून देतो, तेवढं मला कळव.

तुझी,
ताई