शहराची गोष्ट सहा मात्रांत

प्रिय मित्रा,

बंगाली बँडसारखं शहराचं गाणं मराठीत लिहायचं म्हणतोस, तर आधी एकच गाणं नीट उलगडून बघ. कोलकात्याच्या ‘मोहिनेर घोडागुली’चं ‘पृथिबीटा नाकि’. बँड १९७५ चा, गौतम चट्टोपाध्यायांचा. हे गाणं आलं १९९५ च्या संकलनात.

त्यात उपग्रह आणि केबलच्या हाती लागलेलं जग लहान होत होत दिवाणखान्यातल्या टीव्हीत कोंडलं जातं, आणि जग जवळ आलं तरी ‘तू’ आणि ‘मी’ मात्र दूर सरकत जातो. एकटेपणा टीव्हीवरून दिसतो.

आता ओळ मोज. बंगालीतल्या या छंदात, म्हणजे मात्रावृत्तात, स्वरावर संपणारं उघडं अक्षर एक मात्रा, व्यंजनावर थांबणारं दोन. स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे बघत नाहीत. पृ-थि-बी-टा-ना-कि, सहा. छो-टो-हो-ते-हो-ते, सहा. असे सहा-सहाचे गट चालत येतात आणि शेवटी ‘बन्दी’ हा तीन मात्रांचा तोकडा गट. ओळ तिथे श्वास घेते, आणि पुढच्या ओळीतलं ‘गण्डी’ त्याच जागी येऊन यमक जुळवतं. म्हणून ते बोलल्यासारखं वाटतं.

मराठीत गडबड इथेच होते. आपण दीर्घाला दोन मात्रा द्यायला शिकलेलो. समजा तुझी ओळ आहे, ‘दाराशी चपला, कुणाच्या या नव्या’. आपल्या छंदाने दोन्ही तुकडे दहा-दहा मात्रांचे. तसे गायलास तर ‘दाऽराऽशीऽ’ होतं. भावगीत तयार होतं, जिन्यातलं बोलणं हरवतं. बंगाली पद्धतीने मोज: दा-रा-शी-चप-ला. ‘चप’ व्यंजनावर थांबतं म्हणून त्याला दोन, एकूण सहा. कु-णा-च्या-या-न-व्या, तेही सहा. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी दे. आधी नुसती बोलून रेकॉर्ड कर, मग गाऊन. गाताना एखादा स्वर बोलण्यापेक्षा लांबला, तर तिथला शब्द बदल, चाल नको. चालीला हात लावलास की सगळी ओळ पुन्हा मोजावी लागते.

आणखी एक. हीच चाल २००६ मध्ये ‘गँगस्टर’ चित्रपटात ‘भीगी भीगी’ म्हणून देशभर पोचली, बांगलादेशच्या जेम्सच्या आवाजात. टीव्ही, केबल, दिवाणखाना मात्र कोलकात्यातच राहिले. हिंदीत उरला विरह. मला ते नेहमी खटकतं. चाल इतकी भक्कम आहे की दुसऱ्या शब्दांवरही उभी राहते, आणि नेमकं म्हणूनच तिच्या ओढीने वस्तू गळून जातात. तुझ्या दुसऱ्या कडव्यात तेच झालंय: चपला गेल्या, ‘आठवण’ आणि ‘पाऊस’ आले. त्या चपला कोणाच्या, ते अजून कळलेलं नाही. कडवं तिथून परत लिहायला घे आणि टाळीसकट रेकॉर्ड करून पाठव.

तुझा,
दादा