शेवटचं वाक्य आधी लिही

पोरी,

तुझा मेसेज वाचला, जोडलेल्या चोवीस स्लाइड्सही पाहिल्या. साच्याच्या वाळूतला ओलावा मोजणाऱ्या तुमच्या यंत्राचा हा डेक चांगला आहे. पण मिसळीच्या हॉटेलात टेबलाची वाट बघत उभ्या असलेल्या फाउंड्रीमालकाला तू मोबाईलवर तो उघडून दाखवलास, हे वाचून मी कपाळावर हात मारला. तिसऱ्या स्लाइडवर बाजारपेठेचा आकार होता. तेवढ्यात त्यांचं टेबल लागलं, आणि ते "छान, मेल करा" म्हणाले. ते मेल उघडणार नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

तू विचारतेस, चोवीस स्लाइड्स तीस सेकंदांत बसवायच्या कशा? बसवायच्याच नाहीत. शेवटचं वाक्य आधी लिही. म्हणजे या माणसाकडून आज, उभ्या-उभ्या, काय हवंय? ऑर्डर नव्हे. गुंतवणूक तर नव्हेच. तो जागेवर 'हो' म्हणू शकेल इतकंच माग: त्याच्या सँड प्लँटवर एक शिफ्ट मोजमाप घेण्याची परवानगी. हे लिहून झालं की प्रत्येक स्लाइडला विचार, ही नसली तर तो परवानगी नाकारेल का? टीम, स्पर्धक, पाच वर्षांचा अंदाज, सेन्सरचा सर्किट डायग्राम, सगळ्या गळतील. चार गोष्टी उरतील, त्यांचं हे मी जुळवून पाहिलं:

"साहेब, ग्रीन सँडमध्ये पाणी किती, हे मिक्सरवरचा माणूस मुठीत वाळू दाबून ठरवतो. शिफ्ट बदलली की मूठ बदलते, आणि ब्लो होलचे नग वाढतात. आम्ही मिक्सरवरच ओलावा मोजतो आणि लागेल तेवढंच पाणी सोडतो. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत पावसाळ्याच्या तीन आठवड्यांत ब्लो होलचं रिजेक्शन शंभरात सहावरून चारावर आलं. तुमच्याकडे एक शिफ्ट नुसतं मोजमाप घेऊ द्याल का?"

पन्नासेक शब्द आहेत. घाई न करता बोलल्यास तीस सेकंदांच्या आसपास जातात. मोबाईलवर वेळ लावून, चालत-चालत म्हणून बघ. खुर्चीत बसून वाचलेलं नेहमी आटोपशीर वाटतं.

आकडे तुझ्याच एकोणिसाव्या स्लाइडवरचे आहेत. तिथे 'रिजेक्शनमध्ये ३३ टक्के घट' असं ठळक लिहिलंयस. कागदावर ते शोभतं, पण उभा माणूस लगेच विचारतो, कशाच्या तेहेतीस टक्के? शंभरात सहाचे चार झाले, हे त्याला डोळ्यांसमोर दिसतं. आणि 'एका फाउंड्रीत, तीन आठवडे' हे शब्द गाळू नकोस. ते गाळलेस की दावा मोठा वाटेल, आणि मुरलेला मालक तिथेच तुला पकडेल. 'आयओटी-बेस्ड रिअल-टाइम मॉइश्चर ऑप्टिमायझेशन' मात्र खुशाल फेकून दे.

जमलं की नाही हे त्याच्या कौतुकावरून कळत नाही. कौतुक करून माणूस सुटका करून घेतो. तो खेकसून म्हणाला, "उन्हाळ्यात काय? दुपारी परत येणारी वाळू गरमच असते, मोल्डिंगपर्यंत पाणी उडून जातं," तर समज, तो स्वतःच्या प्लँटवर पोचलाय. तुझ्याकडे उन्हाळ्याचं माप नाही. तसं सांग, आणि लगेच म्हण, म्हणूनच तुमच्याकडे शिफ्ट मागतेय. बघ, पुन्हा शेवटचं वाक्यच कामी आलं. उद्या बँकेचा अधिकारी भेटला तर मागणी बदलेल आणि तिच्यामागोमाग वरचंही बदलेल. एकच पाठ केलेली टेप सगळ्यांना ऐकवू नकोस.

तू लिहिलंस, "पण मग आमच्या तंत्रज्ञानाची मेहनत कुठे दिसते?" हे वाचून मला माझा भागीदार आठवला. यंत्र सगळं त्याचं, बोलणं माझं. माझ्या तीस सेकंदांत त्याचं नाव कधी आलं नाही. त्याला ते लागलं, पुढे तो वेगळा झाला. त्याची हळहळ आजही आहे. तरी विचारशील, तर त्याचं नाव मी आजही त्यात घालणार नाही. भेटी त्या तीस सेकंदांनीच मिळाल्या, आणि त्याचं काम बघायला लोक त्या भेटींमुळेच आले. हट्टी म्हण हवं तर. त्याचं नाव पुढच्या तासाभराच्या बैठकीत मी पहिलं घ्यायचो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

असो. डेक मोडू नकोस, त्या बैठकीला तोच लागेल.

मालक 'या' म्हणाले तर "डेक पाठवते" असं चुकूनही बोलू नकोस. सँड प्लँटवर कोण असतं त्याचं नाव आणि नंबर माग, आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या शिफ्टला जा. मालक त्या माणसाला फोनवर तुझ्याबद्दल एका वाक्यात सांगतील. ते वाक्य त्यांना जमलं का, हे तिथे पोचताच त्यालाच विचार, आणि मला कळव.